साय कुठे जाते?

दुधाच्या पिशवीवरची मोठी अक्षरं सगळे वाचतात. ‘फुल क्रीम’, ‘टोन्ड’, ‘डबल टोन्ड’, ‘गाईचं दूध’. त्याच पिशवीच्या कडेला बारीक अक्षरांत दोन आकडे छापलेले असतात, ते मात्र पिशवी कापताना बहुधा कात्रीखाली जातात. एक फॅटचा आणि दुसरा एसएनएफचा. गावातल्या संकलन केंद्रावर दूध घालायला येणाऱ्या शेतकऱ्याला हे दोन आकडे तोंडपाठ असतात, कारण त्याचा भाव त्यांच्यावर ठरतो. शहरात तेच दूध विकत घेणारा माणूस मात्र पिशवीच्या रंगावर विसंबतो, आणि रंगाला कायद्याचा आधार नाही. एका डेअरीची निळी पिशवी दुसऱ्या डेअरीच्या निळ्या पिशवीसारखी असेलच असं नाही.

फॅट म्हणजे दुधातला स्निग्धांश, तूप होतं तो भाग. एसएनएफ म्हणजे फॅट आणि पाणी वगळून दुधात जे उरतं ते सगळं: प्रथिनं, दुधातली साखर, कॅल्शियम आणि बाकीचे क्षार. फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफ असावं लागतं. टोन्डमध्ये ३ आणि ८.५. डबल टोन्डमध्ये १.५ आणि ९. फुल क्रीम आणि टोन्ड यांच्या मधे ‘स्टँडर्डाइज्ड’ म्हणून एक दूध मिळतं, त्यात ४.५ टक्के फॅट असतं. आपल्याकडे गाईचं म्हणून जे पिशवीतलं दूध येतं त्यावर बहुधा ३.५ हा आकडा असतो. म्हणजे नाव वेगळं आणि मान मोठा असला, तरी फॅटच्या हिशेबात ते टोन्डचं सख्खं शेजारी.

आता एसएनएफचा आकडा पुन्हा एकदा पाहा. डबल टोन्डचं एसएनएफ टोन्डपेक्षा जास्त आहे. ‘डबल टोन्ड म्हणजे दोनदा पाणी घातलेलं दूध’ ही समजूत इतक्या घरांत इतकी पक्की आहे की हा आकडा दाखवला तरी लोकांना छपाईची चूक वाटते. चूक नाही. फॅट काढलं आहे. प्रथिनं आणि कॅल्शियम जागच्या जागी आहेत.

ही समजूत आली कुठून, तर टोन्ड दुधाच्या जन्मातूनच. १९४६ साली मुंबईत, दारा खुरोडी यांच्या देखरेखीखाली, हे दूध पहिल्यांदा तयार झालं. शहराला दूध पुरत नव्हतं, आणि होतं ते म्हशीचं, चांगलं जाड आणि महाग. त्यात पाणी घातलं तर ते स्वस्त झालं असतं, पण निकसही झालं असतं. म्हणून पाण्याबरोबर साय काढलेल्या दुधाची पावडर घातली. फॅट निम्म्यावर आलं, बाकीचं सत्त्व पूर्वपदावर आलं, आणि एका लिटरचे जवळजवळ दोन लिटर झाले. आरे कॉलनी त्यानंतरची, १९४९ची. खुरोडींना १९६३ साली त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. लोकांनी मात्र त्या कृतीतलं पाणी तेवढं लक्षात ठेवलं आणि पावडर विसरले.

ती पावडर विसरल्यामुळे घरोघरी एक चूक होते. ‘फुल क्रीमच घेते, बाबांच्या कपात निम्मं पाणी घालते, झालं टोन्ड.’ झालं नाही. एक लिटर फुल क्रीममध्ये एक लिटर पाणी घातलं की फॅट ३ टक्क्यांवर येतं खरं, पण एसएनएफही ९ वरून ४.५ वर येतं. म्हणजे प्रथिनं निम्मी, कॅल्शियम निम्मं. त्याचं खरं टोन्ड करायचं तर दर लिटरमागे साधारण ४० ग्रॅम स्किम मिल्क पावडर घालावी लागेल. ज्या वयात हाडं आणि स्नायू झिजत असतात, नेमक्या त्याच माणसाच्या कपातलं सत्त्व आपण अर्धं करतो, तेही काळजीपोटी. तान्ह्या बाळाला ‘पचायला हलकं’ म्हणून पाणी घातलेलं दूध देणं हा याच चुकीचा जास्त गंभीर अवतार आहे.

फुल क्रीम घेणाऱ्या घरात दुसरं एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आम्ही साय काढूनच पितो.’ हे वाक्य खोटं नसतं, पण पुरतं खरंही नसतं. दूध तापवून, गार करून, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी वरचा थर उचलला तर फॅटचा काही हिस्सा निघतो, सगळा नाही. किती निघाला हे डोळ्यांनी कळत नाही. पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ लिहिलं असेल तर डेअरीतच फॅटचे गोळे फोडून इतके बारीक केलेले असतात की ते वर येतच नाहीत. साय पातळ धरते आणि फॅट दुधातच राहतं. तेव्हा साय जाड की पातळ यावरून दुधाची परीक्षा करणं सोडून द्यावं.

पण हिशेब करायची एक घरगुती पद्धत आहे, आणि ती लोणी कढवणाऱ्या कुठल्याही घरात जमते. महिन्याचं तूप तोला.

समजा घरात रोज दोन लिटर फुल क्रीम येतं. महिन्याला ६० लिटर. लिटरमागे साधारण ६० ग्रॅम फॅट धरलं तर महिनाभरात दारातून ३ किलो ६०० ग्रॅम फॅट आत आलं. साय साठवून, विरजून, घुसळून, कढवून महिन्याचं तूप निघालं १ किलो २०० ग्रॅम. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ फॅट. थोडं ताकात गेलं, थोडं बेरीत राहिलं, ते सोडून देऊ. म्हणजे एक तृतीयांश फॅट निघालं आणि दोन तृतीयांश पोटात गेलं. तुम्ही ‘साय काढून’ जे दूध प्यायलात ते सुमारे ४ टक्के फॅटचं होतं. टोन्डपेक्षा जाडच.

आणि ते १ किलो २०० ग्रॅम तूप कुठे गेलं? शेजाऱ्यांकडे नाही गेलं. वरणभातावर, पोळीवर, शिऱ्यात गेलं. साय पातेल्यातून निघाली म्हणजे घरातून निघाली असं नव्हे. तिने फक्त ताट बदललं. सहा माणसांत वाटलं तर रोज माणशी दीडेक छोटा चमचा.

यात तोटाही नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. फुल क्रीम आणि टोन्ड यांच्या भावात लिटरला १२ रुपयांचा फरक धरला तर ६० लिटरचे ७२० रुपये जास्त जातात, आणि तूप ६०० ते ६५० रुपये किलो धरलं तर १ किलो २०० ग्रॅमची किंमतही ७२० ते ७८०च्या घरात येते. कढवण्याचा गॅस आणि घासायची पातेली सोडली तर बरोबरी. ज्या घरात तूप तसंही विकत आणायचं आहे, तिथे फुल क्रीम ही उधळपट्टी नाही. पण ‘साय काढली म्हणून दूध हलकं झालं’ हा समज मात्र काढून टाकावा लागेल.

इथून खरा प्रश्न सुरू होतो. घरात एका टोकाला दीड वर्षाचं मूल आणि दुसऱ्या टोकाला सत्तरीचे आजी-आजोबा असतील, तर फॅट कोणाला हवं आहे आणि कोणाला नको? आणि ते दुधातूनच द्यायला हवं का?

लहान मुलांबद्दल एक इंग्रजी सल्ला फिरत असतो: दोन वर्षांच्या आत कमी फॅटचं दूध देऊ नये, ‘होल मिल्क’ द्यावं. सल्ला योग्य आहे, पण आपल्याकडे त्याचं भाषांतर ‘फुल क्रीम’ असं होतं आणि तिथेच घोटाळा होतो. अमेरिकेतल्या होल मिल्कमध्ये फॅट असतं सुमारे सव्वातीन टक्के. आपलं गाईचं साडेतीन टक्क्यांचं दूध त्याच्यापेक्षा जाडच आहे, आणि टोन्ड त्याच्या खाली पाव टक्का. तिकडे ज्याला ‘कमी फॅटचं’ म्हणतात ते १ ते २ टक्क्यांचं. म्हणजे आपल्या डबल टोन्डच्या गटातलं. तेव्हा तो सल्ला आपल्या पिशव्यांवर नीट लावला तर त्याचा अर्थ असा निघतो: दोन वर्षांच्या आतल्या मुलाला डबल टोन्ड देऊ नका. गाईचं साडेतीन टक्क्यांचं दूध त्याला चालतं. सहा टक्क्यांचंच हवं असा आग्रह त्या सल्ल्यात नाही. मूल एक वर्षाच्या आतलं असेल तर मात्र कुठल्याच पिशवीचा विचार मुख्य दूध म्हणून करायचा नाही. तिथे आईचं दूध, आणि ते शक्य नसेल तर डॉक्टर सांगतील ते.

या वयात किती फॅट यापेक्षा किती दूध हा प्रश्न मोठा असतो. दिवसाला ४०० मिलिलिटर पुरे, ५००च्या वर नको. दुधात लोह जवळजवळ नसतं, आणि दुधातलं कॅल्शियम व प्रथिनं इतर अन्नातलं लोह शोषायला आडकाठी करतात. त्यात सहा टक्क्यांचं दूध बाटलीने दिवसातून तीन-चार वेळा पोटात गेलं की भूक मरते. मग ‘काही खातच नाही हो, निदान दूध तरी पितोय’ असं म्हणून आणखी एक बाटली दिली जाते. मूल गुटगुटीत दिसतं, पण फिकट असतं, चिडचिडं होतं, त्याला खडा धरतो. अशा वेळी दुधाची जात बदलून काही होत नाही. बाटली सोडवून कप हाती द्यावा लागतो, जेवण आधी आणि दूध नंतर हा क्रम लावावा लागतो, आणि रक्त तपासून घ्यावं लागतं.

पाच वर्षांच्या मुलाचं सोपं आहे. नीट जेवणाऱ्या आणि वजन ठीक असलेल्या मुलाला टोन्ड पुरतं. त्याच्या पेल्यात टोन्ड की फुल क्रीम यावर घरात जितका वाद होतो, त्याच्या निम्मा वाद त्या पेल्यात पडणाऱ्या चॉकलेटी पावडरीवर आणि वरच्या दोन चमचे साखरेवर व्हायला हवा.

आजी आणि आजोबा हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ‘म्हाताऱ्या माणसांना हलकं दूध’ हा सरसकट नियम त्यातल्या एकाला तरी हमखास अन्याय करतो.

आजोबा समजा बहात्तर वर्षांचे आहेत, पोट सुटलेलं, कोलेस्टेरॉलची गोळी चालू. सकाळ-संध्याकाळच्या चहात मिळून १०० मिलिलिटर दूध, रात्री एक पेला २०० मिलिलिटर, आणि दोन्ही जेवणांत मिळून २०० मिलिलिटर दुधाचं दही. एकूण अर्धा लिटर. हे फुल क्रीमचं असेल तर ३० ग्रॅम फॅट झालं, आणि दुधातल्या फॅटचा साधारण दोन तृतीयांश भाग संपृक्त, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या बाबतीत डॉक्टर ज्याची काळजी करतात तो. ते २० ग्रॅमच्या आसपास. आजोबांचा दिवसाचा आहार १६०० उष्मांकांचा धरला तर संपृक्त फॅटची मर्यादा साधारण १८ ग्रॅम येते. म्हणजे दिवसभरात तेला-तुपाचा एक थेंब पोटात जाण्याआधीच, नुसत्या दुधाने ती ओलांडली. टोन्ड घेतलं तर तेच १० ग्रॅमवर येतं, आणि डबल टोन्ड घेतलं तर ५ वर.

पहिली उडी मोठी आहे आणि ती घ्यावीच. दुसऱ्या उडीतून जे ५ ग्रॅम वाचतात ते दीड-दोन छोटे चमचे तुपाएवढे आहेत. आजोबा वरणभातावरचं तूप सोडायला तयार असतील तर टोन्डवर थांबता येतं. ते तूप सोडणार नसतील, किंवा अँजिओप्लास्टी झाली आहे आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे, तर डबल टोन्डला अर्थ आहे. त्यांना मधुमेह असेल तर एक गोष्ट पक्की समजून घ्यावी: दुधातली साखर तिन्ही पिशव्यांत जवळजवळ सारखीच असते, २०० मिलिलिटरमध्ये ९-१० ग्रॅम. डबल टोन्डमुळे ती कमी होत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर तिथे प्रश्न फॅटचा नसून दुधातल्या फॉस्फरसचा, पोटॅशियमचा आणि प्रथिनांचा असतो. कितीही पातळ दूध आणलं तरी तो सुटत नाही, प्रमाण डॉक्टरांनाच विचारावं लागतं.

आजी अडुसष्टच्या आहेत, वजन ४२ किलो, आणि ते गेल्या वर्षभरात उतरतच चाललंय. कवळी नीट बसत नाही, अर्धी भाकरी आणि चमचाभर भात एवढंच जेवण. त्यांना डबल टोन्ड देणं म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगणं. त्या दिवसाला ३०० मिलिलिटर दूध घेत असतील तर फुल क्रीममधून साधारण २५५ उष्मांक मिळतात, टोन्डमधून १७५, डबल टोन्डमधून १४०. पोटात जागाच कमी असते तेव्हा प्रत्येक घोटात जास्त काहीतरी असायला हवं. आजींच्या दुधात मोठा चमचाभर, म्हणजे साधारण १० ग्रॅम स्किम मिल्क पावडर ढवळली तर वरून तीनेक ग्रॅम प्रथिनं जातात, आणि चवीत फारसं कळतही नाही. ४२ किलोच्या माणसाला दिवसाला ३५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. ३०० मिलिलिटर दूध आणि एक चमचा पावडर मिळून त्यातली १२-१३ ग्रॅम येतात. दोघांसाठीही सकाळी एक पथ्य सारखंच: थायरॉइडची किंवा लोहाची गोळी दुधाबरोबर किंवा दुधाच्या चहाबरोबर घ्यायची नाही. गोळी वाया जाते.

मग या घरात पिशवी कोणती आणायची? आमचं मत असं: मुख्य दूध टोन्ड किंवा साडेतीन टक्क्यांचं गाईचं, आणि जास्तीचं फॅट ज्याला हवं त्याच्या ताटात चमच्याने. पिशवी बदलली की सगळ्यांचंच फॅट वर किंवा खाली जातं. चमचा मात्र नेमक्या माणसापर्यंत जातो. फुल क्रीम आणि टोन्डमधला फरक १०० मिलिलिटरमागे फक्त ३ ग्रॅम फॅटचा आहे. बाळाच्या ४०० मिलिलिटरमागे तो १२ ग्रॅम होतो. तेवढं तूप मऊ भात, खिमटी, पोळीचा कुस्करा यांत दोन-अडीच चमच्यांनी सहज जातं, आणि त्याबरोबर भातही जातो. आजींसाठी मात्र अर्धा लिटर फुल क्रीम वेगळं आणावं, कारण त्यांच्या ताटात तूप घालायला अन्नच फारसं नसतं.

रोजचा हिशेब असा मांडता येईल. गाईचं किंवा टोन्ड दीड लिटर: बाळाला ४००, पाच वर्षांच्या मुलाला ३००, आजोबांना रात्री २००, दही लावायला २००, आणि उरलेल्या ४०० मिलिलिटरमध्ये घरातल्या चार मोठ्यांचा दोन वेळचा चहा. फुल क्रीम अर्धा लिटर: आजींना ३००, आणि २०० त्यांच्या व बाळाच्या दह्याला किंवा खिरीला. पातेली दोन लागतात, आणि पहिला आठवडा चुकीच्या पातेल्यातलं दूध चुकीच्या कपात जातं. झाकणं वेगळी ठेवली की हे थांबतं.

टोन्डवर आल्यावर पहिली तक्रार दह्याची येते: ‘लागतच नाही, नुसतं पाणी.’ दह्याचा घट्टपणा येतो प्रथिनांतून. फॅटमुळे येतो तो गुळगुळीतपणा. म्हणून दूध उकळी येताच उतरवू नका. मंद आचेवर, ढवळत, आणखी दहा मिनिटं राहू द्या. थोडं पाणी उडतं, शिवाय तापल्यामुळे एरवी निवळीबरोबर निघून जाणारी प्रथिनंही दह्याच्या जाळ्यात अडकतात. अर्ध्या लिटरला एक मोठा चमचा पावडर घातली तर सुरी लागेल असं दही होतं. बोटाला कोमट लागेल इतकं निवल्यावर अर्धा चमचा विरजण पुरे. जास्त विरजण घातल्याने दही घट्ट होत नाही, आंबट होतं आणि पाणी सोडतं.

फॅट काढताना आणखी एक गोष्ट निघून जाते: अ जीवनसत्त्व. ते स्निग्धांशात विरघळलेलं असतं. ड जीवनसत्त्व तर मुळातच दुधात फारसं नसतं. म्हणून टोन्ड किंवा डबल टोन्ड घेताना पिशवीवर निळं ‘+F’ चिन्ह आहे का पाहावं. ते असेल तर डेअरीने अ आणि ड जीवनसत्त्वं वरून घातली आहेत. कॅल्शियमची काळजी नको. ते तिन्ही पिशव्यांत १०० मिलिलिटरमागे ११०-१२० मिलिग्रॅमच्या आसपास असतं.

कधी दुकानात टोन्ड संपलेलं असतं आणि दोन टोकांची दूधं तेवढी उरलेली असतात. तेव्हा फुल क्रीमची अर्ध्या लिटरची एक पिशवी आणि डबल टोन्डच्या अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या एकाच पातेल्यात ओताव्यात. तीस ग्रॅम फॅट इकडून, पंधरा तिकडून, दीड लिटरमध्ये पंचेचाळीस. म्हणजे बरोबर तीन टक्के, आणि एसएनएफ नवाला नऊ. दुकानातल्या टोन्डपेक्षा अर्धा टक्का जास्तच.